निसटलेला पीक

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावात आजही मागाचे काम पिकांत मोजतात. धोटा एकदा आरपार गेला, की एक पीक. मोजणीसाठी क्रँकशाफ्टच्या चाकावर चुंबक आणि समोर हॉल सेन्सर बसवला, की दर फेऱ्याला, म्हणजे दर पिकाला, एक पल्स मिळते.

हिशेब सोपा वाटतो. मिनिटाला १२० पीक, म्हणजे सेकंदाला दोन. कंट्रोलर दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा सेन्सरकडे पाहतो. मग पीक सुटेलच कसा?

तरीही सुटतो. प्रश्न पल्स किती वेळा येते हा नसून ती किती वेळ टिकते हा आहे. चाकाचा व्यास २०० मिलिमीटर धरला, तर चुंबक सेकंदाला सुमारे १.२६ मीटर वेगाने फिरतो. सेन्सरला तो ६ मिलिमीटरच्या टप्प्यातच जाणवत असेल, तर पल्स जेमतेम पावणेपाच मिलिसेकंद टिकते. दोन पाहण्यांच्या मधल्या वेळात ती येऊन निघूनही जाते. सरासरीने शंभरातले ४८ पीकच नोंदले जातात.

प्रत्यक्षात चूक अशी सारखी विखुरलेली नसते. फेरा नेमका ५०० मिलिसेकंदांचा असेल, तर तो १०च्या पटीत बसतो. त्यामुळे एक पीक सुटला, की पुढचेही सुटत जातात. फेरा ५०१ मिलिसेकंदांचा झाला, की सुमारे पाच पीक सापडतात आणि पुढचे पाच हरवतात. माग हळू फिरवून तपासला, तर पल्स लांबते आणि मोजणी अचूक येते. म्हणून दोष सेन्सरचा नाही, हेही तिथेच कळते.

उपाय म्हणजे पल्स येताच तिची खूण धरून ठेवणे. 74HC74 सारख्या डी फ्लिप-फ्लॉपचा डी इनपुट कायम उच्च ठेवायचा आणि सेन्सरची पल्स त्याच्या क्लॉकला द्यायची. चढती कड येताच आउटपुट उच्च होतो आणि पल्स संपली तरी तसाच राहतो. कंट्रोलर तो वाचतो, मोजणीत एक मिळवतो आणि मगच क्लिअर करतो. वाचण्याच्या नेमक्या क्षणी आउटपुट बदलला, तर वाचणारा फ्लिप-फ्लॉप काही काळ अधांतरी राहू शकतो. म्हणून वेगवान डिजिटल सर्किटमध्ये एकापाठोपाठ दोन फ्लिप-फ्लॉप ठेवतात. त्याने धोका अत्यल्प होतो, शून्य होत नाही.

या खुणेलाही मर्यादा आहेत. क्लिअर होण्याआधी दुसरी पल्स आली, तर दोन्ही मिळून एकच मोजली जाते. पिकांमध्ये अर्ध्या सेकंदाचे अंतर असल्याने इथे ती भीती नाही. खरी अडचण मोटर सुरू होतानाच्या झटक्यांची असते. मायक्रोसेकंदाचा झटकाही आता पीक म्हणून नोंदला जाईल. त्यासाठी आधी अर्ध्या मिलिसेकंदाचा आरसी फिल्टर आणि श्मिट ट्रिगर हवा. पावणेपाच मिलिसेकंदांची पल्स त्यातून सहज पार होते.

शेवटी काउंटर कापडावरच पडताळावा. सेंटिमीटरला २० पीक असलेल्या एका मीटर कापडासाठी काउंटर २००० च्या आसपास आला पाहिजे. तो हजाराच्या आत अडकला, तर आधी पल्सची रुंदी मोजा.