राजीनाम्यानंतर वर्षभर घरी बसावं लागतं का?

अंधेरीच्या सीप्झमधल्या किंवा मालाडच्या माइंडस्पेसमधल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं की नजर आधी सीटीसीवर जाते. सातव्या-आठव्या पानावरची अट तशीच राहून जाते: नोकरी सोडल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत काम करायचं नाही, आणि दोन वर्षं आमचे ग्राहक किंवा आमची माणसं फोडायची नाहीत. पहिलीला नॉन-कॉम्पिट म्हणतात, दुसरीला नॉन-सॉलिसिट. पुढे नोकरी बदलायची वेळ आली की लोकलच्या डब्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘सही केलीस ना, मग वर्षभर अडकलास.’ दुसरा म्हणतो, ‘असल्या अटी कोर्टात टिकत नाहीत, खुशाल जा.’ दोघंही अर्धंच सांगतात.

पहिल्याचा गैरसमज झहीर खानच्या खटल्याने दूर होतो. श्रीरामपूरच्या या गोलंदाजाने २००० साली पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा जाहिरात-करार केला होता. करार संपल्यावर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला, तर तो आधी पर्सेप्टला दाखवायचा आणि तेवढ्याच पैशांत काम घेण्याची संधी त्यांना द्यायची, असं त्यात होतं. झहीर मुदत संपल्यावर दुसऱ्या कंपनीकडे गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि २००६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. आधार होता १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७. कोणाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, असं ते सांगतं. बंदी मर्यादित होती, वाजवी होती, हा बचाव करार संपल्यानंतरच्या काळाला लागू पडत नाही.

‘घरी बसण्याचे पैसे देतोय ना’ हेही पुरेसं नाही. व्हीएफएस ग्लोबल या कंपनीच्या २००७ च्या प्रकरणात नोकरीनंतर तीन महिने पगाराएवढी भरपाई घेऊन दुसरीकडे न जाण्याची अट होती. मुंबई उच्च न्यायालयाने तीही प्रथमदर्शनी कलम २७ च्या विरोधातच मानली.

दुसऱ्या सल्लागाराने मात्र कल्याणच्या कारखान्याची गोष्ट ऐकावी. टायर कॉर्डचं सूत बनवण्याचं तंत्र सेंच्युरी कंपनीने परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलं होतं. १९६३ च्या मार्चमध्ये तिने एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या करारावर घेतलं, प्रशिक्षण दिलं. दीडेक वर्षातच तो जास्त पगारावर राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. कोर्टाने त्याला १५ मार्च १९६८ पर्यंत, म्हणजे मूळ पाच वर्षं संपेपर्यंत, तसलं काम दुसरीकडे करायला मनाई केली आणि नुकसानभरपाईही लावली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये हे कायम ठेवलं. ही मनाई कराराच्या मुदतीच्या आतली होती, म्हणून टिकली.

म्हणजे अट वाचताना ‘वैध की अवैध’ याआधी ‘कोणत्या तारखेपासून’ हे पाहायचं. नोटीस पिरियडमध्ये तुम्ही कंपनीचेच नोकर असता. तेव्हा दुसरीकडे काम सुरू करणं अंगाशी येऊ शकतं. बाँडही याच खात्यात मोडतो. विजया बँकेची तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली, कारण ती नोकरीच्या काळाबद्दल होती आणि पुढे कुठे जायचं हे सांगत नव्हती.

नॉन-सॉलिसिट मात्र हलक्यात घेऊ नये. नोकरी संपल्यावरही तिला कोर्टात थोडाफार जीव असतो. डेसिकंट रोटर्सच्या २००९ च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने माणसाला नव्या नोकरीपासून रोखलं नाही, पण जुन्या कंपनीचे ग्राहक आणि पुरवठादार यांना आपल्याकडे वळवण्यावरची मनाई ठेवली.

समजा, मुलुंडची एक सेल्स मॅनेजर नोटीस पूर्ण करून ३१ मार्चला घाटकोपरची कंपनी सोडते आणि १ एप्रिलला अंधेरीत प्रतिस्पर्ध्याकडे रुजू होते. नॉन-कॉम्पिट तिला अडवू शकण्याची शक्यता फार कमी. लिंक्डइनवर नवी नोकरी जाहीर करणं हीसुद्धा साधी बातमी आहे. जुन्या ग्राहकाने आपणहून फोन केला, तर ती त्याच्याकडे गेली असं म्हणता येत नाही. पण ‘आता ऑर्डर इकडे द्या, दर कमी लावते’ असा व्हॉट्सअॅप मेसेज तिने दहा जुन्या ग्राहकांना पाठवला, तर कंपनीच्या वकिलाला आयता कागद मिळाला. दरपत्रकाची एक्सेल फाइल आधी स्वतःच्या जीमेलवर पाठवलेली असेल, तर प्रकरण गोपनीयतेच्या भंगावर जातं, आणि तिथे कलम २७ मदतीला येत नाही.

प्रत्यक्षात खोळंबा बहुतेकदा कोर्टाबाहेरच होतो. जुनी कंपनी रिलीव्हिंग लेटर रखडवते किंवा नव्या मालकाला वकिलाची नोटीस धाडते. टिकणार नाही अशा अटीच्या नोटिशीनेही नवा एचआर बिचकतो. म्हणून नवी ऑफर घेतानाच जुन्या अटींची प्रत त्यांना दाखवावी. राजीनामा ईमेलने द्यावा, लॅपटॉप आणि फाइली परत केल्याची लेखी पोच घ्यावी. आणि सही करण्याआधी एचआरला एवढं तरी विचारावं, की नॉन-सॉलिसिटमध्ये कंपनीच्या सगळ्या ग्राहकांऐवजी ‘गेल्या बारा महिन्यांत ज्यांचं काम मी स्वतः पाहिलं ते ग्राहक’ असं लिहिता येईल का.