ईआरपी सोडताना हाती काय उरते

ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच जागी सांभाळणारी संगणकप्रणाली. पाच-सात वर्षे वापरल्यावर कारखान्याच्या कामाची रीतच तिच्यात मुरते. पुढे दर वाढले किंवा सेवा बिघडली, तरी बाहेर पडणे जड जाते. जुन्या नोंदी त्या कंपनीच्या सर्व्हरवर, तिच्याच रचनेत असतात आणि खास करून घेतलेले बदल दुसऱ्या प्रणालीत चालत नाहीत. यालाच व्हेंडर लॉक-इन म्हणतात. सुटका किती सोपी, हे करार करतानाच ठरते, तेही सहसा कोणी नीट न वाचणाऱ्या शेवटच्या पानांवर.

चाकणमधला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना घ्या. क्लाउड ईआरपीचा त्याचा करार 31 मार्चला संपतो. बंद करायचे असल्यास 90 दिवस आधी लेखी कळवायचे, नाहीतर करार आपोआप वर्षभर वाढतो. म्हणजे डिसेंबर संपण्यापूर्वी पत्र जायला हवे. नवी प्रणाली उभी करायला नऊ महिने धरले, तर ती निवडण्याचे काम त्याआधीच्या जूनपर्यंत उरकलेले असले पाहिजे. पत्र गेले आणि नवे काम रखडले, तर एप्रिलमध्ये गेटवर आलेल्या मालाची नोंद कुठे करायची? म्हणून जुन्याच दराने महिन्या-महिन्याची मुदतवाढ मागण्याचा हक्क करारात लिहून घेणे फार मोलाचे ठरते.

याच करारात, तो संपल्यावर डेटा उतरवून घ्यायला 30 दिवस दिलेले आहेत. वाचताना ते पुरेसे वाटतात. पण आर्थिक वर्षाचे लेखापरीक्षण पुढे सप्टेंबरपर्यंत चालू शकते. ऑगस्टमध्ये लेखापरीक्षकाने फेब्रुवारीतले एखादे व्हाउचर आणि त्यात कोणी, केव्हा बदल केला याची नोंद मागितली, तेव्हा लॉगिन बंद झालेले असते. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात आणि 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग राहणेही बंधनकारक आहे. त्यामुळे करार संपल्यावर निदान सहा महिने फक्त पाहण्यापुरता प्रवेश आणि बदलांच्या नोंदींसकट पूर्ण प्रत, या दोन्ही गोष्टी मागाव्यात.

पूर्ण प्रत म्हणजे काय, यावरच सर्वाधिक वाद होतात. ‘डेटा ग्राहकाचा आहे’ एवढे वाक्य बहुतेक करारांत असते, पण त्याच्या आधारे पीडीएफ अहवालांचा गठ्ठा दिला तरी अट पाळल्यासारखी दिसते. अशा गठ्ठ्यातून नवी प्रणाली भरता येत नाही. प्रत्येक तक्ता सीएसव्हीसारख्या खुल्या स्वरूपात हवा, कोणत्या रकान्यात काय आहे आणि तक्ते एकमेकांना कुठे जोडलेले आहेत हे सांगणारा डेटाकोश हवा. जोडलेल्या फायलींचीही तीच गत. स्कॅन केलेली हजारो बिले नुसत्या क्रमांकांच्या नावांनी आली आणि कोणते बिल कोणत्या नोंदीचे हे सांगणारी यादीच नसली, तर ती असून नसल्यासारखी.

प्रत खरी आहे का, हे करार चालू असतानाच तपासता येते. वर्षातून एकदा सगळा डेटा उतरवून साध्या डेटाबेसमध्ये भरावा. ट्रायल बॅलन्स जुळतो का, गोदामातल्या साठ्याची किंमत खातेवहीतल्या साठ्याच्या खात्याशी मिळते का, ते पाहावे. मग पुरवठादाराचे एक बिल उचलून, ईआरपी न उघडता, फक्त उतरवलेल्या तक्त्यांवरून त्याची खरेदी ऑर्डर, मालाची आवक पावती आणि बँकेतून गेलेली रक्कम शोधावी. बेरजा जुळतात पण ही साखळी मध्येच तुटते, असे झाले तर तक्त्यांना जोडणारे क्रमांक प्रतीत आलेले नाहीत. हा दोष हाक मारायला कंपनी बांधील आहे तोवरच कळलेला बरा.

युरोपीय संघाने यासाठी कायदाच केला आहे. 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या डेटा अॅक्टनुसार क्लाउड सेवा बदलण्यासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त पूर्वसूचना मागता येत नाही आणि 12 जानेवारी 2027 पासून बदलीचे शुल्कही घेता येणार नाही. भारतात उद्योगांना असा हक्क देणारा स्वतंत्र कायदा नाही. इथे जे काही मिळायचे ते करारातूनच.

त्यात संक्रमणकाळातल्या मदतीचाही समावेश होतो. जुन्या कंपनीची माणसे किती दिवस, कोणत्या रोजच्या दराने बसतील, हे सही करतानाच लिहावे. निघायच्या वेळी घासाघीस करायला ग्राहकाच्या हाती काहीच उरत नाही. बिलावरून वाद चालू असला तरी डेटा अडवला जाणार नाही, असे कलमही हवे. आणि जुन्या सर्व्हरवरचा डेटा पुसून तसे प्रमाणपत्र देण्याची मुदत नव्या प्रणालीतला पहिला वर्षअखेरचा ताळेबंद जुळल्यानंतरची ठेवावी.