गाडी भरली, पण कशाने?

गुजरातमधलं मोरबी हे टाइल्सचं गाव. महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांच्या दुकानांत फरशी तिथूनच येते. दुकानदारासमोर दर वेळी तोच प्रश्न असतो: लागेल तसा थोडा थोडा माल पार्ट लोडने मागवायचा, की एकाच कारखान्याच्या सगळ्या ऑर्डरी साठवून पूर्ण गाडी भरायची?

कराडच्या एखाद्या दुकानाचा हिशेब मांडून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत; वाचकाने तिथे आपले घालावेत. दोन बाय दोनच्या फरशीची पेटी साधारण २७ किलोची, खरेदी ४५० रुपये. गाडीत ६५० पेट्या, म्हणजे साडेसतरा टन. गाडीचा हौदा वरून अर्धा रिकामा दिसतो, पण फरशीची गाडी जागेने भरत नाही, वजनाने भरते. त्या रिकाम्या जागेला भुलून जादा माल चढवू नये. ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

पूर्ण गाडीचं भाडं किलोला ३ रुपये पडतं आणि पार्ट लोडचं साडेचार, असं समजू. एका गाडीमागे सुमारे २६ हजार वाचले. पार्ट लोडचा माल वाटेत ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतो, पुन्हा चढतो आणि त्यात कोपरे फुटतात. ते नुकसान वेगळंच.

आता दुसरी बाजू. दुकानात रोज १४ पेट्या खपतात, म्हणजे गाडी ४६ दिवस पुरते. तोच माल चार खेपांत आला असता तर गोदामात सरासरी ८० पेट्या राहिल्या असत्या. पूर्ण गाडीमुळे सव्वातीनशे राहतात. जास्तीच्या २४५ पेट्यांत अडकले १ लाख १० हजार. बँकेचं व्याज, गोदामभाडं, फूटतूट आणि जुना पडणारा माल मिळून वर्षाला २४ टक्के खर्च धरला, तरी दीड महिन्याचे साधारण ३,३०० रुपये होतात. वाचले २६ हजार, गेले तीन हजार. फरशीसारख्या जड आणि किलोमागे स्वस्त मालाला पूर्ण गाडीच परवडते. पितळी नळांचं गणित उलटं. त्यांची किलोमागची किंमत इतकी जास्त असते की भाड्यातली बचत व्याजात बुडून जाते, त्यामुळे ते पार्सलनेच आणावेत.

इथवर सगळ्यांना पटतं. नुकसान होतं ते शेवटच्या काही टनांत. गरजेचा माल लिहून झाला, गाडीत जागा उरली, की कारखान्याचा सेल्समन फोनवर सांगतो, "शेठ, नवीन डिझाइन आलंय, दीडशे पेट्या टाकू का?" भाडं तर भरायचंच आहे, म्हणून दुकानदार हो म्हणतो.

समजा, गाडी दारात पोहोचेल तेव्हा आयव्हरी फरशीच्या ८० पेट्या शिल्लक असतील आणि खप रोज ८ चा. पार्किंग टाइल १५० शिल्लक, खप ५. फुलांचं डिझाइन ६० शिल्लक, खप १. शिल्लक आणि गाडी मिळून ९४० पेट्या. रोजच्या १४ ने भागल्या की ६७ दिवस येतात. प्रत्येक माल तेवढेच दिवस पुरेल अशी गाडी भरायची. म्हणजे आयव्हरी ४५७, पार्किंग १८६ आणि फुलांच्या फक्त ७ पेट्या. आता तिथे फुलांच्या दीडशे घेतल्या, तर आयव्हरीच्या १४३ कमी बसतात. आयव्हरी १८ दिवस आधी संपते आणि पुढची गाडी तितकी लवकर मागवावी लागते. फुलांच्या पेट्या मात्र सात महिने पडून राहतात. गाडी काठोकाठ भरली होती, भाडंही वाचलं होतं, तरी गिऱ्हाईक आयव्हरी नाही म्हणून परत जातं.

फरशीला आणखी एक खोड आहे. प्रत्येक बॅचची छटा थोडी वेगळी असते. तिचा नंबर पेटीवर छापलेला असतो. रेंगाळलेल्या डिझाइनच्या शेवटच्या पंधरा पेट्या एका खोलीला पुरत नाहीत आणि नव्या बॅचशी जुळत नाहीत. तो डेड स्टॉक पडेल त्या भावाने काढावा लागतो. उलट, जोरात खपणारा माल एकदम घेतला तर मोठी थप्पी एकाच बॅचची मिळते, हा पूर्ण गाडीचा फायदा बहुतेक जण मोजतच नाहीत.

गाडी भरायची वाट पाहत बसणंही तितकंच महाग. सगळ्यात आधी संपणारा माल, गाडी यायला लागणाऱ्या दिवसांइतका उरला, की ऑर्डर द्यायचीच.

दुकानदार मित्रांनो, माल उतरला की प्रत्येक थप्पीवर खडूने तारीख लिहा. दोन गाड्या येऊन गेल्यावरही जी तारीख पुसली गेलेली नाही, तो माल तिसऱ्या गाडीत घेऊ नका, सेल्समनने कितीही स्कीम दिली तरी.