टिक काढायची राहून गेली

आजीला 81वं वर्ष लागलं आणि सहस्रचंद्रदर्शनाची तारीख ठरवायचं काम माझ्याकडे आलं. आजोळच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही 22 जण आहोत. मी जानेवारीतल्या चार तारखा टाकून पोल केला: शनिवार 10, रविवार 11, शनिवार 17 आणि रविवार 18. आठवडाभरात 19 जणांनी मत दिलं. 11 तारखेला 15 मतं पडली होती आणि 18 ला 14. मी 11 तारखेला हॉल सांगून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला, “अगं, आम्ही तर 18 म्हणालो होतो ना!” मग एकेकाला फोन केले तेव्हा कळलं, की 15 पैकी चार जणांना 11 तारीख आता जमणार नव्हती. खरा हिशेब 11 तारखेला 11 जण आणि 18 ला 14 जण असा होता.

त्या चौघांपैकी कोणी निष्काळजी नव्हतं. चौघांनीही आपलं मत बदललं होतं, म्हणजे आधी 11 वर टिक केली होती आणि बेत बदलल्यावर 18 वर केली होती. पोलच्या एका बटणामुळे त्यांची जुनी टिक तशीच राहिली.

पोल तयार करताना खाली `Allow multiple answers` असं एक बटण दिसतं. ते मुळातच चालू असतं, आणि बहुतेक लोक त्याच्याकडे न पाहताच पोल पाठवतात. ते बंद केलं तर प्रत्येकाला एकच मत मिळतं. मग दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं की पहिलं मत आपोआप उठून तिकडे जातं. ते चालू असेल तर मात्र दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवल्याने मताची भर पडते, जुनं मत जागेवरच राहतं. ते काढायचं तर जुन्या पर्यायावर पुन्हा एकदा बोट ठेवून टिक घालवावी लागते. आपण मत बदललं अशी माणसाची खात्री असते, पण पोलच्या लेखी त्याला दोन्ही तारखा चालत असतात.

शिवाय मत बदलल्याचा संदेश ग्रुपवर येत नाही. सकाळी 15 दिसणारा आकडा संध्याकाळी 12 झाला तरी गप्पांच्या ओघात तो कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून नुसता आकडा पाहून ठरवू नये. पोलखालच्या `View votes` वर गेलं की प्रत्येक पर्यायाखाली नावं दिसतात. तिथे दोन गोष्टी पाहायच्या. जवळजवळच्या दोन तारखांना ज्यांची नावं दोन्हीकडे आहेत, त्यांना दोन्ही खरंच जमतात का, हे विचारायचं. आणि ग्रुपच्या यादीशी ताडून कोणाचं नाव कुठेच नाही, ते शोधायचं. आमच्याकडे असे तिघं होते. एकाने पोल पाहिलाच नव्हता, आणि दोघांना चारपैकी एकही तारीख जमत नव्हती, पण ते सांगायला पोलमध्ये जागाच नव्हती. “यांपैकी एकही जमत नाही” हा पर्याय मी ठेवायला हवा होता. तो नसला की नकार आणि मौन सारखंच दिसतं.

तारखेसाठी अनेक मतांची मुभा ठेवावीच लागते, कारण तिथे आपण “कधी जमेल” हे विचारतो, आणि जमणाऱ्या तारखा एकाहून जास्त असू शकतात. प्रश्नही तसाच लिहावा: “ज्या ज्या दिवशी येऊ शकता, त्या सगळ्यांवर टिक करा. बेत बदलला तर जुनी टिक काढा.” नुसतं “कुठली तारीख?” असं लिहिलं की काही जण जमणाऱ्या सगळ्या तारखा निवडतात, काही फक्त आवडती एक, आणि मग दोन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज होते.

नावं सगळ्यांना दिसतात, याचाही मतांवर परिणाम होतो. डूडल नावाच्या, तारखा ठरवायच्या सेवेवरच्या तीन लाखांहून अधिक पोलचा हार्वर्डच्या संशोधकांनी अभ्यास केला. तो 2015 साली प्रसिद्ध झाला. इतरांची उत्तरं दिसत असतील तर लोक जास्त वेळांना होकार देतात, असं त्यात आढळलं. हे होकार दोन टोकांना जास्त वाढतात, आधीच लोकप्रिय असलेल्या वेळांना आणि कुणालाच नको असलेल्या वेळांना. हरणारच असलेल्या तारखेला होकार देऊन आपण अडवणूक करत नाही हे दाखवता येतं, असं स्पष्टीकरण संशोधकांनी सुचवलं आहे. आमच्याही पोलमध्ये 17 तारखेला सात मतं होती. ती सात माणसं त्या शनिवारी खरंच आली असती का, याबद्दल मला आज शंका वाटते.

जागेचं गणित निराळं. आजी कराडला राहते, ती पुण्यापर्यंत प्रवास करेल का, हे तिला आधी विचारलं. ज्याच्याशिवाय कार्यक्रमच नाही, त्याची अडचण मतदानाला टाकू नये. ती हो म्हणाली तेव्हा तीन जागा पुढे ठेवल्या: कोथरूडचा हॉल, सिंहगड रस्त्यावरचा हॉल आणि साताऱ्यातलं कार्यालय. जागा एकच हवी म्हणून मी या वेळी एकच मत ठेवलं. सातारा 8, कोथरूड 6, सिंहगड रस्ता 5. सातारा जिंकलं असं दिसत होतं, पण 19 पैकी 11 जणांना पुणंच हवं होतं. पुण्याचे दोन पर्याय होते म्हणून त्यांची मतं फुटली.

तोच पोल अनेक मतांची मुभा देऊन पुन्हा घेतला तेव्हा कोथरूडला 12, सिंहगड रस्त्याला 9 आणि साताऱ्याला 8 मतं पडली. चालतील ते सगळे पर्याय निवडायचे आणि ज्याला सर्वाधिक होकार तो घ्यायचा, या पद्धतीला अप्रूव्हल व्होटिंग म्हणतात. स्टीव्हन ब्रॅम्स आणि पीटर फिशबर्न यांनी 1978 साली तिची सविस्तर मांडणी केली. सारख्यासारख्या पर्यायांत मतं फुटण्याचा धोका तिच्यात बराच कमी होतो. एक उणीव मात्र राहते. कुणाला कोथरूड मनापासून हवं आहे आणि कुणाला फक्त चालतं आहे, हा फरक तिच्यात दिसत नाही. कुटुंबातल्या कार्यक्रमाला तेवढं पुरतं, असं मला वाटतं.

एका फोनला एकच मत हेही ध्यानात ठेवायला हवं. धाकट्या मामांच्या घरून पाच जण येणार होते, पण ग्रुपवर ते एकटेच आहेत. जेवणाची पानं पोलवरून मोजता येत नाहीत, त्यासाठी घरटी माणसं वेगळी विचारावी लागली.

तारखेचा पोल मग मी नव्याने घेतला. जुना तसाच ठेवला असता तर निम्मे लोक त्याच्यावर आणि निम्मे याच्यावर टिक करत बसले असते, म्हणून जुन्यावर आता टिक करू नका, असं मी आधी सगळ्यांना सांगितलं. नवा पोल सात दिवसांसाठी ग्रुपच्या माथ्यावर पिन केला, म्हणजे सुप्रभातच्या संदेशांखाली तो गडप होणार नाही. खाली लिहिलं: “रविवारी रात्री नऊला मी स्क्रीनशॉट घेणार. नंतर बदल झाला तर टिक न हलवता मला फोन करा.” बरोबर नऊला घेतलेला तो स्क्रीनशॉट मी ग्रुपवर टाकला. 18 तारखेला 17 नावं होती. सोमवारी सकाळी मावसभावाचा फोन आला, त्याची रजा मंजूर झाली होती. त्याला मी अठरावा धरला आणि हॉलवाल्यांना तारीख बदलून द्यायला सांगितलं.