दहा टक्के कड वाढली, तर घनफळ किती वाढते?

जुन्या, दाट वस्तीत गच्चीवर नवी टाकी बसवायची म्हटले की मोजणी अनेकदा तोंडी होते. समजा, अशा एका घरावर आतून 1 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच टाकी आहे. तिच्यात 1000 लिटर पाणी मावते. मालकाला तिची प्रत्येक कड 10 टक्के मोठी हवी आहे. हा हिशेब सोपा वाटतो, आणि म्हणूनच त्याविषयी चुकीच्या समजुती टिकून आहेत.

गैरसमज: कड 10 टक्के वाढली की घनफळही 10 टक्केच वाढते.

ही समजूत निराधार नाही. टाकीची फक्त उंची 10 टक्के वाढवली, तर पाणी खरोखरच 10 टक्के जास्त मावते. नळीची किंवा तारेची लांबी वाढवतानाही हाच अनुभव येतो. पण घन हा घनच राहायचा असेल, तर लांबी आणि रुंदीही उंचीबरोबर वाढतात. नवी टाकी 1.1 × 1.1 × 1.1 म्हणजे 1.331 घनमीटरची होते. तिच्यात 1331 लिटर पाणी मावते, म्हणजे वाढ 33.1 टक्क्यांची. एक लिटर पाण्याचे वजन साधारण एक किलो असते. म्हणून टाकी पूर्ण भरली की गच्चीच्या स्लॅबवर पाण्याचाच भार 331 किलोंनी वाढतो. शंभर किलो धरून चालणाऱ्याचा अंदाज तिपटीहून अधिक चुकतो.

गैरसमज: तीन दिशा आहेत, म्हणून टक्केवारीची तिप्पट केली की झाले.

ही चूक पहिल्यापेक्षा शहाणी आहे. तीन दिशा लक्षात घेतल्या जातात आणि लहान वाढीला उत्तरही जवळपास बरोबर येते: कड 1 टक्का वाढली तर घनफळ 3.03 टक्के वाढते. त्यामुळेच तिपटीच्या नियमावर विश्वास बसतो. स्पर्धा परीक्षांच्या पर्यायांत 30 टक्के हे उत्तर मोह घालते, तेही याच कारणाने.

राहून काय जाते, हे टाकीतच पाहता येते. जुन्या घनाच्या तीन बाजूंना 10 सेंटीमीटर जाडीचा एकेक थर लावला, की प्रत्येक थर 100 लिटरचा, एकूण 300. तिपटीचा नियम इथेच थांबतो. पण आकार अजून घन झालेला नसतो. दोन-दोन थरांच्या मधल्या तीन खाचा रिकाम्या असतात, त्या प्रत्येकी 10 लिटरच्या. त्या भरल्या तरी कोपऱ्यात 1 लिटरची जागा उरते. 300, 30 आणि 1 मिळून 331.

भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त संख्येचे दोन भाग पाडून घन काढण्याची रीत आहे, आणि उदाहरणांत 27 ही संख्या आहे. तिथे प्रश्न टक्केवारीचा नाही, पण रीत नेमकी हीच आहे. 27 म्हणजे 20 आणि 7. वीसचा घन 8000. मग थरांचे 8400, खाचांचे 2940 आणि कोपऱ्याचे 343, एकूण 19683. आता हेच 20 ची कड 35 टक्क्यांनी वाढून 27 झाली असे वाचावे. तिपटीचा नियम 105 टक्के वाढ सांगतो, म्हणजे फक्त 8400. प्रत्यक्ष वाढ 146 टक्क्यांहून थोडी अधिक आहे. वाढ जितकी मोठी, तितक्या खाचा आणि कोपरा जड होत जातात. कड दुप्पट केली तर तिपटीचा नियम 300 म्हणतो, आणि वाढ होते 700 टक्के.

गैरसमज: कड 10 टक्के वाढवून पुन्हा 10 टक्के कमी केली की घनफळ पूर्वीइतकेच होते.

आकडा तोच दिसतो म्हणून हे खरे वाटते. पण दुसरे 10 टक्के 1.1 मीटरचे असतात. कड 0.99 मीटर होते आणि पाणी सुमारे 970 लिटर उरते.

गैरसमज: मोजमाप बाहेरून घेतले काय आणि आतून घेतले काय, टक्केवारी तीच येते.

पातळ प्लॅस्टिकच्या टाकीत फरक नगण्य असतो, त्यामुळे सवय तशी लागते. काँक्रीटच्या टाकीत मात्र भिंतीची जाडी हिशेबात आणावीच लागते. समजा टाकी बाहेरून 1 मीटरची आहे, आणि भिंती, तळ व झाकण सर्व 10 सेंटीमीटर जाडीचे आहेत. आतली कड 80 सेंटीमीटर असल्याने पाणी 512 लिटरच मावते. बाहेरची कड 1.1 मीटर केली आणि जाडी तीच ठेवली, तर आतली कड 90 सेंटीमीटर होते, म्हणजे 12.5 टक्क्यांनी वाढते. पाणी 729 लिटर मावते. ही वाढ 42 टक्क्यांहून अधिक आहे. घनाचे सूत्र इथे चुकत नाही. ते चुकीच्या कडेला लावले जाते. पाण्याचा हिशेब असेल तर टेप आतून धरावी, गच्चीवर किती जागा अडेल ते पाहायचे असेल तर बाहेरून.