दाखवणे वेगळे, हाती देणे वेगळे

घरातील मुलगा किंवा मुलगी नोकरी-व्यवसायासाठी दूर गेली की पेढीवरील वडिलांच्या फोनची देखभाल ही फोनवरूनच करण्याची गोष्ट होते. ‘वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, ते दाबा,’ असे मुलगा सांगतो आणि वडिलांना ते ठिपके सापडत नाहीत. पडदा परस्परांना दाखवणाऱ्या ॲपमुळे ही अडचण दूर झाली आहे. मात्र या सोयीत दोन निराळ्या परवानग्या दडलेल्या असतात. पहिली पडदा दाखवण्याची, दुसरी पडद्यावर बोट चालवू देण्याची. दुकान दाखवणे आणि गल्ल्याची चावी हाती देणे यांत जो भेद आहे, तोच या दोहोंत आहे.

एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचा व्यापार करणारे अण्णा आणि बंगळुरूला स्थायिक झालेला त्यांचा मुलगा. अण्णांच्या अँड्रॉइड फोनमधील जागा भरली आहे, त्यामुळे गावोगावच्या व्यापाऱ्यांनी पाठवलेली मालाच्या नमुन्यांची छायाचित्रे उघडत नाहीत. अशा कामासाठी नवे ॲप घेण्याची गरज बहुधा पडत नाही. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये 2023 पासून पडदा दाखवण्याची सोय आहे. अण्णांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावावा, पडदा दाखवण्याचे चिन्ह दाबावे आणि फोन विचारील त्या सूचनेला होकार द्यावा. नव्या फोनमध्ये या वेळी एकच ॲप दाखवायचे की संपूर्ण पडदा, असा पर्याय येतो. येथे एकच ॲप निवडले गेले, तर अण्णा दुसरीकडे वळताच मुलाला काही दिसेनासे होते आणि दोघांनाही कॉल बिघडल्यासारखा वाटतो. तेव्हा आधी तो पर्याय तपासावा.

आता बोट अण्णांचे आणि डोळे मुलाचे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले की पाच एमबीहून मोठ्या फायली आणि अनेकदा पुढे पाठवलेल्या फायली वेगळ्या काढून दाखवल्या जातात. जागा अडवणारे ‘सुप्रभात’चे व्हिडिओ बहुतेक येथेच सापडतात. परंतु त्याच राशीत एखाद्या बिलाची किंवा हुंडेकरी पावतीची फाईलही असू शकते. मुलाला व्हिडिओ ओळखता येतो, पावतीचे मोल अण्णांनाच ठाऊक असते. म्हणून ‘सर्व निवडा’ असे न करता एकेक पाहून पुसणे बरे. शेवटी त्याच ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करावी, म्हणजे महिन्याभराने तेच काम पुन्हा उभे राहत नाही.

काही कामे मात्र सांगून होत नाहीत. अण्णांच्या बोटाला कंप असेल, नजर मंद असेल किंवा मांडणी लांबलचक असेल, तर मुलाने स्वतः फोन चालवणे सोपे पडते. त्यासाठी ऍनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर क्विकसपोर्टसारखे ॲप लागते. ते प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. कोणी पाठवलेल्या दुव्यावरून घेऊ नये. ऍनीडेस्क उघडताच फोनचा एक अंकी पत्ता पडद्यावर दिसतो. तो अण्णांनी मुलाला सांगायचा, मुलाने आपल्या संगणकावर घालायचा आणि जोडणीची विचारणा येताच अण्णांनी होकार द्यायचा. येथवर केवळ पडदा दिसतो. बोट चालवण्यासाठी अनेक फोनमध्ये एक पूरक ॲप घालावे लागते आणि सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात त्याला परवानगी द्यावी लागते. ही सोय मुळात दिव्यांग व्यक्तींसाठी आहे. तिच्यामुळे एखादे ॲप पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि माणसाच्या वतीने बटणेही दाबू शकते. चावी म्हटली ती हीच. आयफोनमध्ये अशा ॲपना पडदा पाहता येतो, पण बोट चालवता येत नाही. तेथे मुलाने तोंडी सांगायचे आणि आईवडिलांनीच दाबायचे.

काम चालू असताना मुलाने बँकेचे ॲप उघडले की त्याच्याकडे पडदा अचानक काळा होतो. तो बिघाड नव्हे. बँकेची बहुतेक ॲप आपले चित्र बाहेर जाऊ देत नाहीत आणि यूपीआयचा पिन घालण्याचे पानही तसेच झाकलेले असते. या रक्षणाला वळसा घालण्याची खटपट करू नये. बँकेचे काम अण्णांनी जोडणी तोडून स्वतः करावे. पिन मुलालाही सांगू नये.

पण काळा पडदा म्हणजे संपूर्ण कवच नव्हे. पिनचे पान झाकलेले असले, तरी संदेशातून येणारा ओटीपी जुन्या फोनच्या पडद्यावर उघड दिसतो. अँड्रॉइड 15 पासून पडदा दाखवताना तो लपवण्याची व्यवस्था आहे, पण घरातील वडीलधाऱ्यांचे फोन बहुधा त्याहून जुने असतात. कार्डाचा क्रमांक एखाद्या खोट्या अर्जात भरून घ्यायचा आणि येणारा ओटीपी पडद्यावर वाचायचा, ही ठकसेनांची रीत याच फटीतून चालते. ऍनीडेस्कचा असा दुरुपयोग होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना दिला होता. ॲप तेच, परवानग्या त्याच. पलीकडे मुलगा आहे की ठक, हे फोनला कळत नाही.

म्हणून घरात एक नियम ठरवावा. तो अंकी पत्ता फक्त अण्णांनी स्वतः, मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर लावलेल्या कॉलवरच सांगायचा. ‘बँकेतून बोलतोय, केवायसी अपुरी आहे,’ किंवा ‘वीज तोडली जाईल,’ असे म्हणत आलेल्या कॉलवर तो कधीच सांगायचा नाही. पलीकडून मुलाचा आवाज आला तरी कॉल ठेवून आपणच उलट लावायचा. असे करताना मुलाने रागवायचे नाही, उलट त्याची सवय लावायची. पैसे गेल्याचे ध्यानात येताच आधी इंटरनेट बंद करावे, ते जमले नाही तर फोनच बंद करावा, म्हणजे जोडणी तुटते. मग दुसऱ्या फोनवरून 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवून बँकेलाही कळवावे. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी ती अडवता येऊ शकते.

काम संपले की आवरण्याची पायरी राहते आणि नेमकी तीच विसरली जाते. पडदा दिसत असेतो फोनच्या वरच्या पट्टीत तसे चिन्ह किंवा सूचना राहते. ती गेली की जोडणी तुटली असे समजावे. त्यानंतर ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये जाऊन पूरक ॲपची परवानगी बंद करावी आणि दोन्ही ॲप काढून टाकावीत. पुन्हा लागल्यास पाच मिनिटांत घालता येतात. दुसऱ्या दिवशी पेढीवर बँकेचे ॲप उघडेनासे झाले, तर बहुधा हीच पायरी राहिलेली असते. अशी परवानगी चालू दिसली की काही बँकांची ॲप सुरूच होत नाहीत. ‘पुन्हा पुन्हा होकार नको’ म्हणून त्या ॲपला कायमचा पासवर्ड देऊन ठेवण्याची सोयही असते. मुलाला ती सुखाची वाटते, पण तो पासवर्ड ज्याच्या हाती पडेल त्याला अण्णांच्या होकाराची गरजच उरत नाही.

एक गोष्ट तंत्राच्या पलीकडची आहे. पडदा उघडला की उधारीचे निरोप, भावाची बोलणी, भाऊबंदांतील पत्रव्यवहार हे सारे मुलाच्या नजरेस पडते. पोटच्या मुलापासूनही काही गोष्टी राखून ठेवण्याचा वडिलांना अधिकार आहे. म्हणून जोडणीपूर्वी मुलाने विचारावे, ‘अण्णा, काही बंद करून ठेवायचे आहे का?’ आणि अण्णांनी संकोच न करता ते बंद करावे.