सोलापूरहून मुरुडला परत यायला किती लागतील?

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीचे तिकीट पडत नाही. ऑगस्ट २०२२ पासून ही सवलत आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धे. म्हणजे ७६ वर्षांचे वडील, ७१ वर्षांची आई, मुलगा आणि सून असे चौघे मुरुडहून एसटीने पंढरपूरला निघाले, तर चौघांत मिळून दोनच पूर्ण तिकिटांचे पैसे लागतात. हे ऐकून घरात लगेच बेत ठरतो, आणि खर्चाचा अंदाज तिकिटापासून सुरू होतो. पण म्हाताऱ्या आईवडिलांच्या प्रवासात तिकीट हाच सगळ्यात लहान खर्च असतो. हिशेब सुरू व्हायला हवा तो त्यांच्या शरीरापासून.

त्यासाठी महिनाभर आधी एक छोटी फेरी मारावी. मुरुडहून साळावच्या बिर्ला मंदिरापर्यंत जावे, तिथल्या पायऱ्या चढाव्यात, मग रेवदंड्यावरून अलिबागपर्यंत जाऊन परत यावे. या एका दिवसात चार गोष्टी टिपून घ्यायच्या. वडील सलग किती वेळ बसू शकले, लघवीसाठी किती वेळा थांबावे लागले, आईचा गुडघा चढताना दुखला की उतरताना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे कसे उठले. ‘मला काय धाड भरलीये’ असे म्हणणारे वडील दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणात असतील, तर रोज एक देवस्थान हा बेत तिथेच बदलावा.

आता पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट ही आपल्याकडची नेहमीची यात्रा घेऊ. बहुतेक जण तिन्ही ठिकाणी एकेक रात्र राहतात. म्हणजे रोज सामान बांधायचे, रोज नवी खोली आणि रोज नवे न्हाणीघर. म्हातारी माणसे पडतात ती बहुतेकदा अशा अनोळखी न्हाणीघरात, रात्री, दिव्याचे बटण न सापडल्याने. त्याऐवजी मुक्काम सोलापुरात ठेवावा. तिथून पंढरपूर सुमारे ७० किलोमीटर, तुळजापूर ४५ आणि अक्कलकोट ४० च्या आत-बाहेर आहे. तिन्ही ठिकाणी सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येते. शिवाय आजूबाजूच्या तालुक्यांतले गंभीर रुग्ण शेवटी सोलापुरातच आणले जातात. आपण आधीच तिथे असलो, तर अडचणीच्या वेळी तेवढा रस्ता वाचतो.

दिवस जुळवतानाही गर्दीचा विचार हवा. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळावी, अक्कलकोटला गुरुवार, पंढरपूरला एकादशी आणि शनिवार-रविवार. म्हणून रविवारी मुरुड सोडून पुण्यात मुक्काम, सोमवारी सोलापूर, मंगळवारी पंढरपूर, बुधवारी विश्रांती आणि संध्याकाळी सिद्धेश्वराचे दर्शन, गुरुवारी तुळजापूर, शुक्रवारी अक्कलकोट, शनिवारी पुणे आणि रविवारी घर, असा आठ दिवसांचा आराखडा बसतो. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा असते, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये तिथले ऊन म्हाताऱ्यांना सोसवणारे नाही. तुळजापूरची एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे देवीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जायचे असते, म्हणजे चढण येते ती दर्शन झाल्यावर, थकव्यात आणि भुकेत. आईच्या गुडघ्याचा अंदाज साळावला आलेला असेल, तर वर येताना बसत-बसत यायला तासभर हातात ठेवता येतो.

आता गाडी. मुरुडहून चालकासह सात आसनी गाडी आठ दिवसांसाठी ठरवली, तर एक अडचण असते. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान किलोमीटर धरतात, बहुधा ३००. आपला सगळा प्रवास मिळून सुमारे १,२०० किलोमीटरच आहे, पण बिल आठ दिवसांच्या २,४०० किलोमीटरचे होते. किलोमीटरला १५ रुपये धरले तर ३६,००० रुपये, वर चालकाचा भत्ता ४,००० आणि टोल दीड हजार, म्हणजे ४१,५०० रुपये. विश्रांतीच्या दिवशी उभ्या गाडीचेही पैसे जातात, आणि मग ‘गाडी आहेच, तर गाणगापूरही करून येऊ’ असे कुणीतरी म्हणते. माणसे दमतात ती बऱ्याचदा अशा ‘आहेच’मुळे.

दुसरी रीत अशी. मुरुडहून गाडीने फक्त पुण्यापर्यंत जायचे. जाण्या-येण्याच्या दोन खेपांचे, गाडीचा रिकामा परतीचा रस्ता धरून, ११,००० रुपये. पुणे ते सोलापूर रेल्वेने, चौघांचे दोन्ही वेळचे ७,००० रुपये. सोलापुरात तीन दिवस स्थानिक गाडी, दिवसाला ३,५०० प्रमाणे १०,५०० रुपये. बेरीज २८,५०० रुपये. (हे सगळे दर मी धरलेले आहेत; आपापल्या गाडीवाल्याला विचारून आपले आकडे घालावेत, रीत तीच राहील.) तेरा हजार वाचतात हे आहेच, पण मला रेल्वे पटते ती वेगळ्या कारणासाठी. डब्यात शौचालय आहे आणि पाय मोकळे करता येतात. मोटारीत शौचालय नसते, म्हणून म्हातारी माणसे आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करतात, कुणाला न सांगता. पाणी कमी, वर रक्तदाबाची गोळी, मग रांगेत उभे असताना चक्कर. लघवीची गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, नाहीतर वडील ती गुपचूप टाळतात आणि दोन दिवसांनी पाय सुजतात.

रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी एक बारकावा. रेल्वेत ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बाकाचा राखीव कोटा आहे: ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी. तो मिळतो एकट्याला, किंवा अशा दोघांचेच एक तिकीट असेल तेव्हा. मुलाने चौघांचे एकच तिकीट काढले, की कोटा हातचा जातो. आईवडिलांचे तिकीट वेगळे काढावे.

राहण्यासाठी दोन खोल्यांऐवजी चौघांची एक मोठी खोली बरी, रात्री कुणी उठले तर ऐकू येते. कमोड, लिफ्ट किंवा तळमजला आणि गरम पाणी, हे तीन प्रश्न फोनवर विचारून मगच पैसे भरावेत. रात्रीला ३,००० प्रमाणे सात रात्रींचे २१,०००. जेवण-चहा माणशी दिवसाला ५०० धरून १६,०००. पूजा, दक्षिणा, हमाल, किरकोळ ६,०००. निघण्याआधीची तपासणी आणि औषधे ४,०००. सगळे मिळून ७५,५०० रुपये.

औषधांच्या चार हजारांत काटकसर नको. आठ दिवसांच्या प्रवासाला किमान बारा दिवसांच्या गोळ्या, त्याही दोन पिशव्यांत विभागून. जुन्या ईसीजीची प्रत सोबत ठेवावी. नवा ईसीजी वेगळा दिसला तर तो बदल आजचा की जुना, हे अनोळखी डॉक्टरला त्यावरूनच कळते. आणि आई मधुमेही असेल, तर दर्शन होईपर्यंत उपाशी राहायचे आणि गोळी मात्र घ्यायची, हे होऊ देऊ नये. रांगेत घाम, थरथर, बडबडीत गोंधळ दिसला, तर आधी साखर तोंडात घालावी, देव थांबतो.

आता राखीव. खर्चाच्या दहा टक्के बाजूला ठेवावेत असे सगळे सांगतात. इथे ते साडेसात हजार होतील. त्यात सोलापूरहून मुरुडला साधी गाडीही येत नाही, कारण अंतर चारशे किलोमीटरच्या वर आणि भाडे दोन्ही बाजूंचे. म्हणून राखीव टक्क्यांनी काढू नये. सगळ्यात लांबच्या ठिकाणी वडील आजारी पडले असे समजून एकेक पाऊल मोजावे. खासगी रुग्णालयात दाखल करताना अनामत, ३०,००० धरू. तीन दिवस जास्त मुक्काम, खोली-जेवणाचे १५,०००. झोपवून आणायला रुग्णवाहिका, २५,०००. १०८ ची गाडी मोफत असली तरी ती रुग्णालयात पोहोचवते, गावी नाही. बुडालेली तिकिटे आणि आगाऊ रकमा ५,०००. बेरीज ७५,०००, म्हणजे जवळजवळ यात्रेइतकीच.

आकडा मोठा आहे, पण तो सगळा रोख लागत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार दाखवून हे कार्ड निघण्याआधीच काढून घ्यावे. ते फक्त योजनेतल्या रुग्णालयांत आणि दाखल झाल्यावरच चालते; बाहेरची तपासणी, औषधे त्यात येत नाहीत. सोलापुरातली योजनेतली दोन रुग्णालये १४५५५ वर विचारून कागदावर लिहून घ्यावीत. मग अनामतीची शक्यता कमी होते, तरी ती रक्कम हिशेबातून काढू नये, कारण घाईच्या वेळी जवळचे रुग्णालय योजनेत नसूही शकते. राखीवातले १०,००० रोख, दोघांच्या दोन खिशांत. बाकीचे वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्याचा वापर यात्रेला न आलेल्या एखाद्या भावंडालाही करता यावा, कारण रुग्णालयात मुलगा वडिलांपाशी असणार, पैशांच्या धावपळीला दुसरे कुणी हवे. खर्चाची वाटणी करताना भावंडांनी यात्रेचा आणि राखीवचा वाटा वेगवेगळा काढावा. न लागलेला राखीव आल्यावर ज्याचा त्याला परत.

पंचाहत्तर हजार बाजूला निघतच नसतील, तर मात्र राखीवाला कात्री लावू नये, अंतराला लावावी. पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक हे अष्टविनायकांतले दोन आपल्याच जिल्ह्यात आहेत. मध्ये एक मुक्काम केला तर दोन्ही सावकाश होतात. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून हरिहरेश्वरही करता येते. घर काही तासांवर असले की रुग्णवाहिका आणि जास्तीचा मुक्काम हे दोन्ही आकडे खाली येतात, आणि राखीव तीस-पस्तीस हजारांत बसतो. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट खडकातून समुद्राकडे उतरते आणि लाटांत निसरडी होते, तिथे आईवडिलांनी वरूनच नमस्कार करावा. जाताना परतीची शेवटची फेरीबोट किती वाजता आहे ते दिघीच्या धक्क्यावरच विचारून ठेवावे. ती चुकली, तर रस्त्याने मोठा वळसा घालावा लागतो, आणि तो वडिलांच्या रात्रीच्या गोळीच्या वेळेवर येतो.